अकरा चेहरे आणि एक अंगठा

सरकारी कचेरीत नियत वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्या माणसाला महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मधल्या खुर्चीत बसवतात. शाल, श्रीफळ, गुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ देतात. वेळेवर यायची गरज संपली की घड्याळ मिळतं, हा नियम कुणी केला ठाऊक नाही. मग एकेक जण उठून तो किती मनमिळाऊ होता ते सांगतो. शेवटी ‘सत्कारमूर्ती आता दोन शब्द बोलतील’ असं म्हटलं की सत्कारमूर्ती उठतात आणि कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर माफी मागून बसतात. तेहतीस वर्षांत अशी तीसेक भाषणं मी ऐकली. एकही आठवत नाही.

माझी पाळी यायला तीन महिने होते तेव्हा ठरवलं, आपण माफी मागायची नाही. आपल्या लोकांची अर्कचित्रं काढायची आणि ती दाखवत दाखवत बोलायचं. पाटबंधाऱ्याच्या एका उपविभागीय कार्यालयात मी अनुरेखक म्हणून लागलो आणि आरेखक म्हणून निवृत्त झालो. म्हणजे आधी दुसऱ्यांच्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा गिरवल्या आणि मग स्वतः काढल्या. पुढं संगणक आला आणि शाईची पेनं ड्रॉवरमध्ये सुकली, पण हात राहिला होता. कार्यालयात माझ्यासकट अकरा माणसं. तेवढं काम तीन महिन्यांत सहज होईल असं वाटलं.

समोर बसवून कुणाचं चित्र काढणं शक्य नव्हतं, कारण गुपित फुटलं असतं. राहिले फोटो. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाढदिवस, ध्वजारोहण, सत्यनारायण, बदल्या आणि आधीचे निरोप मिळून दोनेकशे फोटो जमले होते. ते उतरवून घेतले आणि पहिला धडा तिथंच मिळाला. फोटो भरपूर असतात, उपयोगाचे थोडे असतात.

ओळखपत्रावरचा फोटो तर पहिल्याच फेरीत बाद झाला. समोरून उजेड, मान सरळ, चेहऱ्यावर भाव नाही. त्यात माणूस असतो, पण त्याची लकब नसते. सेल्फीसुद्धा बाद. हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ असतं, त्यामुळे ते फुगतं. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी 2018 साली याचं गणित मांडलं होतं. फूटभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. हे नाक खरं धरून आपण आणखी वाढवलं, तर थट्टा माणसाची होत नाही, भिंगाची होते.

कामाला येतात ते बेसावध फोटो. केक कापताना, फाइल बघताना, जेवणाचा डबा उघडताना कुणीतरी टिपलेले. एका माणसाचे निदान तीन फोटो हवेत. एक समोरून, एक थोडा वळलेला आणि एक काहीतरी करताना. तिन्हींत जे कायम दिसतं ते त्या माणसाचं. एकातच दिसतं ते त्या दिवसाचं.

तरीही मी फसलो. आमच्या भांडार लिपिकांना गटफोटोत कडेला उभं राहायची सवय आहे. सगळे मध्ये घुसतात, हे आपले टोकाला. त्यांचा ठळक फोटो असा एकच सापडला, आधीच्या निरोपाचा, हातात सत्काराचं तबक. चेहरा चांगला रुंद, गाल भरलेले. मी तो रुंदपणाच धरला आणि वाढवला. चित्र मुलाला दाखवलं. तो त्यांना लहानपणापासून ओळखतो. म्हणाला, ‘‘बाबा, हे कोण?’’

पुन्हा फोटो बघितला तेव्हा तबकातला नारळ दिसला. नारळ पपईसारखा आडवा लांबला होता. मोबाइलचं भिंग बरंच मोठं दृश्य एका चौकटीत बसवतं आणि चौकटीच्या कडेला येणारी गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ओढली जाते. डोकंही गोलच. भांडार लिपिक तसे उभट चेहऱ्याचे, त्यांना कडेनं रुंद केलं होतं. गंमत अशी की त्यांच्याच डोक्यावर टांगलेलं भिंतीवरचं घड्याळ फोटोत अगदी गोल होतं, त्यामुळे मला संशय आला नाही. घड्याळ सपाट असतं आणि भिंतीला समांतर कॅमेरा धरला तर कडेलाही ते गोलच राहतं. ओढ बसते ती जाडी असलेल्या वस्तूंना. तेव्हा फोटो खरा बोलतोय का हे बघायचं तर घड्याळ बघू नये, नारळ बघावा. नारळ नसेल तर तांब्या, हेल्मेट, काहीही. आणि कडेचा माणूस काढायचा असेल तर तो मध्ये उभा असलेला एक तरी फोटो शोधावा.

दुसरी फसगत माझ्या धंद्यातून आली. अनुरेखकाचा हात गिरवायला शिकलेला. मी लेखा शाखेतल्या मॅडमचा फोटो छापून घेतला, वर ट्रेसिंग ठेवलं आणि बारीक पेनानं जसाच्या तसा उतरवला. एक रेघ इकडची तिकडे नाही. आणि ते चित्र मॅडमसारखं मुळीच दिसत नव्हतं. कोणत्याही बाईसारखं दिसत होतं.

याचं कारण शोधताना जे वाचलं ते सांगतो. चेहरा ओळखताना आपण तो जसाच्या तसा मनात साठवत नाही. आयुष्यभर पाहिलेल्या चेहऱ्यांतून एक सर्वसाधारण चेहरा आपल्या डोक्यात तयार झालेला असतो आणि हा चेहरा त्यापेक्षा कुठं वेगळा आहे, एवढंच आपण टिपतो. 1980च्या दशकात सुझन ब्रेनन या अमेरिकी संशोधक बाईंनी हे संगणकाला शिकवलं. एखाद्या चेहऱ्याच्या रेघा सर्वसाधारण चेहऱ्याच्या रेघांशी ताडून बघायच्या आणि जिथं फरक असेल तिथं तो वाढवायचा. पुढं त्यांनी जिलियन ऱ्होड्स आणि सुझन केरी यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासात, ओळखीच्या माणसाचं फरक वाढवलेलं रेखाचित्र लोकांनी तंतोतंत रेखाचित्रापेक्षा लवकर ओळखलं. मात्र ‘सगळ्यात जास्त सारखं कुठलं?’ असं विचारल्यावर कौल थोड्याच अतिशयोक्तीला पडला. माझं ट्रेसिंग मेलं होतं ते यामुळे. त्यात सगळं सारखंच महत्त्वाचं होतं.

युरोपात या प्रकाराला जे नाव पडलं ते इटालियन क्रियापदावरून, त्याचा अर्थ भार घालणं, लादणं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्यातल्या काराची घराण्यातले चित्रकार विरंगुळा म्हणून अशी चित्रं काढत. आपण मराठीत मात्र अर्कचित्र म्हणतो. तिकडे भरतात, इकडे आटवतात. हात दोन्हीकडे तेच करतो, पण मला आपला शब्द जास्त मानवतो. अर्क काढताना चोथा टाकावा लागतो, आणि माझी अडचण नेमकी तीच होती.

मग डिव्हायडर काढला. मॅडमचं काम कसं झालं ते तपशिलानं सांगतो, कारण बाकीचे नऊही त्याच वाटेनं झाले. फोटो असा छापून घेतला की टाळूपासून हनुवटीपर्यंत 120 मिलिमीटर येईल. इथं टाळू म्हणजे कवटीची, अंबाड्याची नव्हे. सर्वसाधारण चेहऱ्यात डोळ्यांची रेघ बरोबर मध्यावर पडते, म्हणजे वरून 60 मिलिमीटरवर. नवशिके डोळे नेहमी वर काढतात, कारण कपाळ रिकामं असल्यानं ते लहानच वाटतं. मॅडमचे डोळे वरून 54वर निघाले. म्हणजे कपाळ आखूड आणि डोळ्यांखालचा भाग लांब. फरक 6 मिलिमीटरचा.

उत्साहाच्या भरात पहिल्या कच्च्या चित्रात मी हा फरक चौपट केला. डोळे 36वर गेले आणि मॅडमची चेटकीण झाली. हसू आलं, पण ते चित्र मी त्यांच्या हातात देऊ शकलो नसतो. दुसऱ्या वेळी फरक दीडपटच वाढवला. सहाचे नऊ, डोळे 51वर. तिथं त्या एकदम सापडल्या. मग त्यांची खरी ओळख आणली, जी फोटोंमध्ये पुन्हा पुन्हा दिसत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर चष्म्याच्या वरून, समोर धरलेल्या कागदाकडे. हे मात्र मोकळ्या हातानं वाढवलं. चष्मा हनुवटीपर्यंत घसरवला, कागद टेबलावरून खाली, जमिनीवरून दाराबाहेर नेला आणि त्याच्या टोकाला टाचणीत अडकलेला मी, चिमणीएवढा.

या चित्रानं मला माझा नियम मिळाला. देहानं दिलेलं दीडपट, सवयीनं कमावलेलं पाचपट. नाक, रंग, उंची, टक्कल ही माणसानं निवडलेली नसतात. ती ओळख पटेल एवढीच वाढवावीत. चष्मा कसा घालतो, पेन कुठं खोचतो, फोनवर बोलताना कुठं चालत जातो, हे त्याचं स्वतःचं कर्तृत्व असतं. ते कितीही ताणलं तरी माणूस दुखावत नाही, उलट आपल्याकडे कुणाचं इतकं लक्ष होतं म्हणून सुखावतो. राजकीय अर्कचित्राचं गणित वेगळं. 1831च्या सुमारास पॅरिसमध्ये शार्ल फिलिपाँनं राजा लुई फिलिपचा चेहरा पायरीपायरीनं बदलत शेवटी नासपती करून दाखवला. तिथं चेहऱ्यावरच घाव घालायचा होता, कारण समोर राजा होता. आमच्याकडे समोर रोज डब्यातली भाजी वाटून खाणारी माणसं.

काही गोष्टी मी फोटोत दिसत असूनही सोडल्या. एकांची गेल्या वर्षी तब्येत खालावली, नव्या फोटोंत ते निम्मे झालेले दिसतात. त्यांच्यासाठी चार वर्षांपूर्वीचा ध्वजारोहणाचा फोटो घेतला. उशिरा येणं, रखडलेली पदोन्नती, बदलीसाठीच्या खटपटी या विषयांना हात लावला नाही. निरोप समारंभाला विभागीय कार्यालयातले साहेबही येतात. तुमचा विनोद त्यांच्या कानावर माहिती म्हणून जातो. मी दुसऱ्या दिवसापासून घरी आणि मेमो मात्र दुसऱ्याला, असं व्हायला नको.

आमच्या उपविभागीय अभियंता साहेबांचं चित्र म्हणूनच अडलं होतं. फोन आला की ते ‘साइटवर आहे’ म्हणतात, हे सगळ्या कार्यालयाला पाठ. पहिल्या चित्रात साहेब केबिनमध्ये, पंख्याखाली, डोक्यावर हेल्मेट, कानाला फोन. फार मजेदार झालं होतं. पण वरिष्ठांसमोर ते चित्र म्हणजे पुरावाच. दोन दिवस बाजूला ठेवलं. मग माणूस तोच ठेवून जागा बदलली. साहेब त्याच खुर्चीत, तोच फोन, पण खुर्ची कालव्याच्या भरावावर, वरचा पंखा झाडाच्या फांदीला टांगलेला आणि चाकांखाली दगडाची उटी. आता आरोप उरला नाही आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलंच. खरं तर हे चित्र पहिल्यापेक्षा चांगलं आहे. बंधन आलं की डोकं चालतं, हे अंदाजपत्रकं करताना अनुभवलेलं होतंच.

चित्रं पक्की करताना ए-4 आकार घेतला होता. एकदा सुट्टीच्या दिवशी सभागृह उघडून एक चित्र समोर ठेवलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. काही दिसेना. बारीक पेनाच्या रेघा पंचवीस फुटांवर विरून जातात. सगळी चित्रं ए-3 कार्ट्रिज कागदावर पुन्हा काढली. खिडकीच्या काचेवर खाली कच्चं चित्र लावून, उजेडात, जाड मार्करनं. मोठं करताना निम्म्या रेघा गाळाव्या लागल्या आणि चित्रं सुधारली.

राहिलं भाषण. आधी मी प्रत्येक चित्राला पानभर मजकूर लिहिला होता. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘चित्रात जे दिसतंय तेच सांगताय तुम्ही.’’ खरं होतं. ‘मॅडमचा चष्मा बघा कसा नाकावर’ असं म्हटलं की लोक चष्मा बघतात आणि विषय संपतो. चित्रानं चेहरा सांगावा, वाक्यानं त्यामागची हकिगत सांगावी. दोघांनी एकमेकांची री ओढू नये. आणि क्रम असा, की आधी चित्र फिरवायचं, मग गप्प राहायचं. ओळख पटायला दोन-तीन सेकंद लागतात. कुणीतरी नाव ओरडतं, सगळे त्या माणसाकडे वळतात, हशा होतो. तो हशा त्यांचा. तो ओसरायला लागला की आपलं वाक्य. आधीच बोललं तर चित्र नुसता दाखला म्हणून उरतं. माणसामागे वीस-पंचवीस सेकंद धरली, म्हणजे सगळं मिळून पाचेक मिनिटं. त्यापुढं कचोरी गार होते.

पहिलं चित्र माझं स्वतःचं ठेवलं. ते मात्र मी चेटकिणीच्या मापानं काढलं. स्वतःच्या नाकाला दीडपटीचा नियम लागू नाही. कान सुपाएवढे, पाठीला पोक आणि समोर संगणक, त्याच्या पडद्यावर मी ट्रेसिंग पेपर चिकटवून गिरवतोय. म्हटलं, ‘‘हे संगणक आल्याच्या पहिल्या आठवड्यातलं. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी चिकटपट्टी काढून घेतली.’’ वक्त्यानं आधी आपली लाज वाटून टाकली की पुढच्या दहा जणांच्या खुर्च्या सैल होतात. ते समोरून दिसतं.

मॅडमचं चित्र फिरवलं तेव्हा मागच्या रांगेतून ‘त्रुटी! त्रुटी!’ असा ओरडा झाला. मी थांबलो आणि म्हणालो, ‘‘मॅडमनी माझं प्रवासभत्त्याचं देयक सात वेळा त्रुटी काढून परत केलं. आठव्या वेळी मलाच वाटायला लागलं की मी गेलोच नव्हतो.’’ मॅडम चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होत्या, हुबेहूब. मग त्या म्हणाल्या, ‘‘तिकीट जोडलं नव्हतं तुम्ही.’’ यावर जो हशा झाला तो माझ्या वाक्याला मिळाला नव्हता. भाषणात अशा उत्तरांसाठी जागा सोडावी. मी पुढचं चित्र उचललेलं हात तसेच खाली ठेवले.

भांडार लिपिकांचं नवं चित्र उभट चेहऱ्याचं होतं, आणि ते कागदाच्या अगदी उजव्या कडेला, अर्धे कागदाबाहेर. बाकी कागद कोरा. ‘‘यांना मध्ये घ्यायचा प्रयत्न तेहतीस वर्षं चालू आहे,’’ एवढंच म्हणालो. साहेबांचं चित्र सहावं ठेवलं होतं. पहिलं ठेवलं तर हांजी वाटते, शेवटी ठेवलं तर तेच समारंभाचे नायक होतात. मधोमध बरं. ‘‘साहेब नेहमी साइटवरच असतात. कार्यालय ते बरोबर घेऊन जातात.’’ विभागीय साहेब मोकळेपणानं हसले. आमच्या साहेबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं आणि मग हसले. एका चित्रावर मात्र कुणीच हसलं नाही. टपाल बघणाऱ्या नव्या मुलाचं. तो येऊन चारच महिने झाले होते. मला त्याची सवय अशी काही माहीतच नव्हती, मी नुसता चेहरा वाढवला होता. हकिगत नसेल तर अर्कचित्र नुसतं वेडंवाकडं चित्र होतं. त्याचं साधं, सारखं चित्र काढून द्यायला हवं होतं. नंतर दिलं.

अकरावं चित्र आमच्या शिपायाचं. सगळे त्याला भाऊ म्हणतात. त्याचं चित्र काढायला घेतलं तेव्हा दोनशे फोटोंत त्याचा एकही फोटो सापडेना. सत्यनारायणात नाही, ध्वजारोहणात नाही, कुणाच्या निरोपात नाही. पुन्हा एकेक उघडून बघितला आणि मग लक्षात आलं. बऱ्याच फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात गुलाबी-तपकिरी धूसर डाग होता. तो भाऊचा अंगठा. गेली कित्येक वर्षं सगळे फोटो तोच काढत होता, आणि ‘थोडं आत सरका’ म्हणताना त्याचं बोट भिंगावर येत होतं. मी आतापर्यंत ज्या चेहऱ्यांची मापं घेत होतो ते सगळे त्याच्याकडे बघून हसत होते.

त्याचं चित्र मग फोटोशिवाय काढावं लागलं. आठवडाभर चहा द्यायला आला की मी त्याला काही ना काही विचारून उभं करायचो आणि तो गेला की जुन्या नकाशाच्या पाठीवर चेहरा उतरवायचो. शेवटच्या कागदावर भाऊ एक डोळा मिटून, गुडघ्यात वाकून, मोबाइल धरून उभा आणि त्याचा अंगठा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा. चित्र फिरवलं. ओळखायला वेळ लागला नाही, पण हसायला लागला, कारण सगळे आधी दाराकडे वळले. भाऊ तिथं उभा राहून शूटिंग करत होता.

म्हणालो, ‘‘भाऊ, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तू आत सरक.’’

तो आला. चित्र दोन्ही हातांनी धरून माझ्याशेजारी उभा राहिला. फोटो कुणी काढायचा यावर थोडा गोंधळ झाला, शेवटी मॅडमनी काढला. कार्यक्रम संपल्यावर कचोरीच्या बश्या गोळा करता करता भाऊनं ते चित्र टेबलावर टेकवलं आणि गावी मुलाला पाठवायला स्वतःच्या मोबाइलनं त्याचा फोटो घेतला. मला दाखवला. चित्र छान आलं होतं. खाली कोपऱ्यात तेवढा अंगठा आला होता.